यंत्राकडून मराठी निवेदन वाचून घेण्याआधी

नागपुरातल्या बर्डीच्या पायी फेरीचं निवेदन यंत्राच्या आवाजात तयार करायचं काम पुन्हा आलं आहे, म्हणून ही यादी लिहून ठेवतो. मागच्या वेळी यादी नव्हती. आवाजाने 'चौक' नीट म्हटला आणि 'चौकात' मात्र चहाच्या च ने. स्पीकरसमोर बसलेल्या काकांनी विचारलं, "काऊन राजेहो, चौक एक बोलते अन् चौकात दुसरंच?" त्यामुळे खाली हा मुद्दा वारंवार येईल. कंटाळा आला तरी वाचा.

हेडफोन, खातं, इंटरनेट यांबद्दल सांगत बसत नाही. आवाज निवडताना नावात mr-IN आहे ना, ते बघा. हिंदी आवाजाला देवनागरी मजकूर दिला तर तो बिनबोभाट वाचतो, तक्रार करत नाही, आणि घाईत आपल्या लक्षात येत नाही. परीक्षा सोपी आहे. 'ज्ञान' आणि 'कृषी' हे दोन शब्द द्या. 'ग्यान' आणि 'क्रिषी' ऐकू आलं तर आवाज हिंदीचा आहे, पुढे जाऊ नका.

मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडे अजूनही कुठल्या तरी कपाटातून श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाईल निघते. ती कन्व्हर्टरमधून काढली की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. असा मजकूर एकदा माणसाने वाचून काढायचा, दुसरा उपाय नाही. पीडीएफमधून चिकटवला असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर आलेला असतो, आणि काही आवाज तिथे थांबतात. वाक्य मधेच तुटतं आणि दोष आपण आवाजाला देतो.

आकडे अक्षरांत लिहा. सगळे. '१८१७च्या' लिहिलं की 'एक हजार आठशे सतरा' आणि मग वेगळा, लटकलेला 'च्या' ऐकू येऊ शकतो. 'अठराशे सतराच्या' असंच लिहायचं. 'सकाळी ६.३०' चं 'सहा पूर्णांक तीस' होऊ शकतं, तिथे 'साडेसहा'. 'इ.स.' आणि 'कि.मी.' मधल्या टिंबांना वाक्याचा शेवट समजून आवाज थांबतो, म्हणून 'इसवी सन', 'किलोमीटर'.

आता मुख्य गोष्ट. मराठीत च, ज, झ ही अक्षरं एकेकच आहेत, उच्चार दोन-दोन. चहातला च वेगळा, चोरातला वेगळा. जीव आणि जवळ, झेंडा आणि झाड. लिपीत फरक दिसत नाही, तो आपल्या कानात असतो. यंत्राला तो शिकवणीच्या ध्वनिमुद्रणांतून उचलावा लागतो, म्हणून रोजच्या शब्दांत ते सहसा बरोबर असतं आणि गावांची नावं, जुने शब्द, कमी वापरातली रूपं यांत घसरतं. म्हणजे 'माझा' ऐकून खूश होऊ नका, तो बरोबर येणारच. 'अंबाझरी' ऐका. 'जरीपटका' ऐका.

म्हणून आवाज काढण्याआधी शब्दांची यादी करायची. आधी, नंतर नाही. मजकुरातले च-ज-झ असलेले सगळे शब्द एकदाच, जसेच्या तसे, प्रत्ययासह काढा:

```
tr -s ' ,.?!\n' '\n' < mul.txt | grep -e च -e ज -e झ | LC_ALL=C sort -u
```

'जसेच्या तसे' हा शब्द महत्त्वाचा. मागच्या वेळी उच्चारकोशात, म्हणजे कुठला शब्द कसा वाचायचा ते आवाजाला सांगणाऱ्या फाईलीत, मी 'चौक' टाकला आणि काम झालं असं समजलो. पण मजकुरात नुसता 'चौक' फारसा नव्हताच. तिथे 'चौकात', 'चौकातून', 'चौकापाशी', 'चौकाच्या' होते. उच्चारकोश अख्खा शब्द जुळवतो. प्रत्यय लागलेला शब्द त्याच्या लेखी वेगळा शब्द असतो. इंग्रजीत जिथे एका नोंदीने बरंचसं भागतं, तिथे मराठीत प्रत्येक विभक्तीची स्वतंत्र नोंद लागते. मूळ शब्द दुरुस्त केला म्हणजे शब्द दुरुस्त झाला नाही. यादीत जेवढी रूपं, तेवढ्या नोंदी.

दुरुस्तीचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आवाजाला सूचना देणाऱ्या SSML टॅगांपैकी sub. त्यात वाचायचं रूप वेगळं देता येतं. phoneme मध्ये ध्वनिलिपी देता येते, पण तो काही आवाज जुमानत नाहीत आणि आतला शब्द आपल्याच पद्धतीने वाचून मोकळे होतात. आधी एका शब्दावर तपासा.

```
<sub alias="त्सौकातून">चौकातून</sub>
<phoneme alphabet="ipa" ph="t͡səukaːtuːn">चौकातून</phoneme>
```

'त्सौ' लिहिल्यावर एखादा आवाज 'तसौ' म्हणतो, मधे अ घुसवतो. तसं झालं तर phoneme, तोही चालत नसेल तर वाक्यच बदला: 'चौकातून पुढे' ऐवजी 'सिग्नल ओलांडून पुढे'. यात कमीपणा नाही. ज साठी नुक्ता देऊन 'ज़वळ' लिहून बघा; काही आवाज नुक्ता पाळतात, काही गिळून टाकतात.

आणि ही सगळी रूपं एका फटक्यात बदलायला जाऊ नका. 'चार घोडे' मधल्या 'चार'चा उच्चार चुकला म्हणून कोणी 'चार'च्या जागी सरसकट 'च्यार' टाकला तर 'विचार'चा 'विच्यार' होतो. शब्दाची सीमा लावून बदलतो म्हणाल, तर पायथॉनच्या re मध्ये तीही फसवी आहे. \b ला काना-मात्रा हे शब्दाचे भाग वाटत नाहीत, त्यामुळे \bचौक\b हे 'चौकात'मधल्या क पाशीच जुळतं आणि 'ात' बाहेर लोंबकळत राहतो. आवाज मग त्या 'ात'चं जे करतो ते ऐकवत नाही. regex नावाचं वेगळं मॉड्यूल हे नीट करतं. नाहीतर मोकळ्या जागेवर शब्द तोडा आणि अख्खा शब्द यादीशी जुळवा.

एकच लेखन, दोन शब्द अशी प्रकरणं तरीही उरतात. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा. 'चार घोडे' आणि 'गुरं चार'. ही कोशात टाकायचीच नाहीत, त्या-त्या वाक्यात हाताने.

आता थांबे. आमच्या मजकुरातलं एक वाक्य घेऊ: 'अठराशे सतराच्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांच्यात याच टेकडीवर लढाई झाली.' आवाज हे एका दमात म्हणतो. ऐकणारा क्रियापदापर्यंत पोचतो तोवर कोण कोणाशी लढलं ते निसटलेलं असतं, कारण मराठीत झालं काय ते शेवटी कळतं. व्याकरणाला इथे स्वल्पविराम नको आहे, कानाला हवा आहे. 'नोव्हेंबरात' नंतर स्वल्पविराम द्या, 'यांच्यात' नंतर थोडा मोठा थांबा:

```
अठराशे सतराच्या नोव्हेंबरात, आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा
आणि इंग्रज यांच्यात <break time="350ms"/> याच टेकडीवर लढाई झाली.
```

स्वल्पविराम आणि break एकाच जागी नको. दोन्ही थांबे जोडले जातात आणि आवाज वाक्य विसरल्यासारखा वाटतो. 'की' असेल तिथे स्वल्पविराम 'की'च्या नंतर: 'पुढे आलात की, झिरो माईलचा खांब आणि चार घोडे दिसतात.' 'की'च्या आधी दिलात तर 'की' पुढच्या वाक्याला चिकटतो, आणि असं कोणी बोलत नाही. परिच्छेदानंतर साधारण एक सेकंद. 'खांबाकडे बघा' यानंतर माणसाला मान वळवायला जो वेळ लागतो, तो break ने द्यायचा नाही. ती शांतता नंतर एडिटिंगमध्ये टाका, म्हणजे जागेवर जाऊन कमी-जास्त करता येते.

थांबे लावताना वाक्य स्वतः मोठ्याने म्हणून बघा. मनात नाही, मोठ्याने. घरचे हसतील, हसू द्या.

आता तुकडे. गूगलच्या क्लाउड सेवेत एका वेळी ५,००० बाइटची मर्यादा आहे. ऐकायला भरपूर वाटते, पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजले जातात, आणि वरचे टॅगही त्यातच. म्हणजे देवनागरीची साधारण सोळाशे चिन्हं झाली की गाडी थांबते. तुकडा परिच्छेदाच्या शेवटी तोडा. परिच्छेदाच्या मधे तोडला तर पुढचं वाक्य नव्या दमाने, वरच्या पट्टीत सुरू होतं आणि जोड ऐकू येतो. एक शब्द चुकला म्हणून तेवढंच वाक्य पुन्हा काढून मधे चिकटवलं तरी हेच होतं. अख्खा परिच्छेद पुन्हा काढा.

वेग ९०-९५ टक्के पुरे, त्याच्या खाली आवाज गुंगीत असल्यासारखा होतो.

मग ऐकणं. वर काढलेली यादी हातात घेऊन, एकेका रूपावर खूण करत. 'चौक' बरोबर आला म्हणून 'चौकापाशी'वर खूण करू नका. ऐकायला दुसरा माणूस घ्या, मजकूर न दाखवता. आपल्याला मजकूर पाठ झालेला असतो, त्यामुळे आपण ऐकतो ते आवाजाचं नाही, आपल्याच डोक्यातलं.

त्या माणसाने सांगितलेला नवा शब्द दुरुस्त करताना त्याची बाकीची रूपंही यादीत शोधा. हो, पुन्हा तेच.

बाकी किरकोळ. सगळ्या तुकड्यांची पातळी सारखी करा. मूळ WAV ठेवा, MP3 शेवटी. टॅग घातलेला मजकूर आणि कोरा मजकूर वेगळ्या फाईलींत, नाहीतर छपाईला 'त्सौकातून' जाईल. उच्चारकोश जपून ठेवा. आवाज किंवा त्याची आवृत्ती बदलली तर यादी पहिल्यापासून ऐका, कारण जुन्या दुरुस्त्या नव्या आवाजात उलट्या पडू शकतात.