एका कागदाची खिशातली उजळणी-पुस्तिका : या चुका टाळा

दहावीच्या विज्ञान भाग १ मधले भौतिकशास्त्राकडचे सहा धडे एका ए-फोर कागदावर बसतात. पान १ मुखपृष्ठ, २ गुरुत्वाकर्षण, ३ अवकाश मोहिमा, ४ विद्युतधारेचे परिणाम, ५ उष्मा, ६ प्रकाशाचे अपवर्तन, ७ भिंगे, ८ वर सूत्रे. छपाई एकाच बाजूला. घोळ होतो तो पानं मांडताना.

बहुतेक जण आडव्या कागदावर आठ चौकोन आखून १ ते ८ ओळीनं भरतात. घडी घातली की उष्मा मुखपृष्ठाला चिकटतो आणि अर्धी पानं उलटी येतात. खरी मांडणी अशी :

वरची ओळ (उलटी) : ५ ४ ३ २
खालची ओळ (सुलटी) : ६ ७ ८ १

प्रत्येक पानाचं डोकं कागदाच्या मधल्या आडव्या रेषेकडे आहे ना, एवढं तपासा. पाठांतरावर विश्वास नसेल, तर रद्दी कागदाची पुस्तिका करून पेन्सिलीनं १ ते ८ आकडे टाका आणि कागद उलगडा. नकाशा हातात येतो. मी अजूनही हेच करते.

या मांडणीत ६ आणि ७ शेजारी पडतात, मध्ये कात्रीची चीर येत नाही. भिंगाची किरणाकृती दोन्ही पानांवर पसरून काढता येते. ३ आणि ४ मात्र एकाच पानाच्या पुढच्या-मागच्या बाजू आहेत; तिथे आकृती पसरली तर ती काठावरून दुमडली जाईल.

दुसरी चूक कात्रीची. आठ चौकोनांच्या घड्या पाडून कागद उलगडा. मग आखूड कडा जुळवून अर्ध्यात दुमडा, आणि घडीच्या बाजूनं मधल्या आडव्या रेषेवर पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कापा, म्हणजे सुमारे ७४ मिलिमीटर. उघड्या बाजूनं कापलं, तर चीर मध्ये न पडता दोन टोकांना पडते आणि पुस्तिका होतच नाही. मग उलगडून लांबीत दुमडा, छपाई बाहेर ठेवून, आणि दोन्ही टोकं आत ढकला. वरून अधिकचं चिन्ह दिसलं की पानं अशी गुंडाळा, की पान १ बाहेर येईल. मुखपृष्ठ आत गेलं, पण क्रम बरोबर असेल, तर छापण्यात चूक नाही. नुसती गुंडाळी फिरवा.

तिसरी चूक छपाईतली. प्रिंटरला ‘Fit’ सांगितलं की तो मजकूर आकसतो. कडेला ५ मिलिमीटर सोडणाऱ्या प्रिंटरवर बाहेरच्या उभ्या रेषा साधारण साडेतीन मिलिमीटर मध्याकडे सरकतात आणि घडी अक्षरांवरून जाते. ‘Actual size’ निवडा, प्रत्येक चौकोनात आतून ७ मिलिमीटर मोकळे ठेवा, आणि घड्या छापील रेषांवरून न घालता कागदाच्या कडा जुळवून घाला.