प्री-वेडिंग शूटसाठी डिजिटल पार्श्वभूमीच्या पॅकेजचे प्रस्तावपत्र कसे लिहावे

मराठवाड्यात बरीच लग्ने वैशाखातील उन्हात होतात आणि प्री-वेडिंग शूट त्याच्या थोडे आधी, म्हणजे ऐन चैत्रात येते. भर दुपारी शालू नेसून किल्ला चढणे नको वाटणाऱ्या जोडप्यांना स्टुडिओतच पडद्यासमोर फोटो काढून मागे हवे ते दृश्य बसवून देण्याचे पॅकेज सोयीचे पडते. मात्र त्याचे प्रस्तावपत्र केवळ दरपत्रक असून चालत नाही, कारण पडद्यावरचे काम कसे होते हे जोडप्याला आधी कळले नाही, तर पुढची तक्रार ठरलेलीच असते.

पत्र लिहिण्यापूर्वी जोडप्याशी बोलून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : देखावा कोणता हवा आणि कपडे कोणत्या रंगाचे आहेत. समजा, लातूरच्या एका जोडप्याला देवगिरी किल्ल्यावरची संध्याकाळ हवी आहे, आणि वधू हिरवी पैठणी नेसून हातात हिरवा चुडा घालणार आहे. अशा वेळी नेहमीचा हिरवा पडदा वापरला, तर संगणक पडद्याबरोबर चुड्याचा रंगही पुसतो आणि मनगटावर बांगड्यांच्या जागी किल्ल्याचा दगड दिसू लागतो. पैठणीची जर तर आरशासारखी असते. पडद्याचा हिरवा उजेड तिच्यात उतरतो आणि सोनेरी काठ आजारी दिसतो. म्हणून पत्रात पडद्याचा रंग आणि त्यामागचे कारण दोन्ही लिहावे :

“आपल्या पैठणीचा व चुड्याचा रंग हिरवा असल्याने आम्ही निळा पडदा वापरणार आहोत. वराच्या पोशाखात गडद निळा रंग नसावा, ही विनंती. पोशाख बदलल्यास शूटपूर्वी कळवावे.”

यानंतर देखाव्याचे वर्णन करावे. ‘रॉयल थीम’ एवढ्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. दृश्य कोणते, वेळ कोणती, सूर्य कोणत्या बाजूला, हे एका वाक्यात सांगावे. सूर्याची बाजू सांगणे जोडप्याला अनावश्यक वाटेल, पण सगळे त्यावरच अवलंबून असते. मागच्या चित्रात ऊन डावीकडून येत असेल, तर स्टुडिओतील मुख्य दिवाही डावीकडेच लावावा लागतो. नाहीतर चेहऱ्यावर उजवीकडून उजेड आणि बुरुजावर डावीकडून, असा फोटो पाहताक्षणी खोटा वाटतो आणि नंतर तो सुधारताही येत नाही. म्हणून ‘देखावा शूटच्या आठ दिवस आधी निश्चित करावा, त्यानंतर बदल करता येणार नाही’ ही अट पत्रात हवीच, आणि तिचे कारणही हवे. पायापर्यंतचे फोटो किती असतील, तेही स्पष्ट करावे. पावलांखालची सावली जमिनीशी जुळवण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो, त्यामुळे असे फोटो मोजकेच ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरते.

पुढे फोटोंचा आकार. अल्बमचे उघडलेले पान १२ × ३६ इंचांचे असेल, तर ३०० डीपीआयने छापण्यासाठी पार्श्वभूमी ३६०० × १०८०० पिक्सेलची लागते. इंटरनेटवरून उतरवलेले १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र तेवढे ताणले, तर जोडपे स्वच्छ आणि किल्ला धूसर छापला जातो. शिवाय त्या चित्राचा हक्क दुसऱ्याचा असतो. ‘पार्श्वभूमीची छायाचित्रे आमच्या स्टुडिओने स्वतः टिपलेली अथवा परवाना घेऊन वापरलेली आहेत’ हे वाक्य खरे असेल तरच लिहावे, आणि सोबत छापील नमुना जोडावा, कारण मोबाइलच्या पडद्यावर धूसरपणा लपतो.

दर लिहिताना एकच आकडा देऊ नये. वरील उदाहरणात एकूण १८,००० रुपये धरले, तर तारीख निश्चित करताना ५,०००, शूटच्या दिवशी ८,००० आणि फोटो देताना ५,००० अशी फोड करावी. दुरुस्तीच्या किती फेऱ्या यात धरल्या आहेत, तेही येथेच सांगावे. रंग उजळणे ही दुरुस्ती, पण किल्ला काढून वेरूळ बसवणे हे नवे काम.

एक कलम बहुतेक स्टुडिओ विसरतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो, स्टुडिओ नव्हे. तेव्हा हे फोटो इन्स्टाग्रामवर किंवा दुकानाच्या फलकावर लावायचे असतील, तर पत्राच्या शेवटी संमतीची वेगळी ओळ ठेवावी आणि तिच्यापुढे ‘होय’ व ‘नाही’ असे दोन्ही पर्याय द्यावेत. संमती नाकारल्यास दर वाढणार नाही, हेही लिहावे.

पत्राची सुरुवात ‘स. न. वि. वि.’ने करून ते वर-वधू दोघांच्या नावे लिहावे. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, तरी एक छापील प्रत घरी द्यावी, कारण पैशांचा निर्णय पुष्कळदा घरातील वडीलधारी मंडळी घेतात आणि त्यांना ती सावकाश वाचता येते.