काट्यावर गाडी जड भरली? माल उतरवताना या चुका टाळा

लासलगावच्या खळ्यावर रात्री कांदा भरलेली दहाचाकी पहाटे येवल्याच्या अलीकडच्या वजनकाट्यावर आली. जायचं होतं हैदराबादला. गोणी मोजून ३७२, बिल्टीवर प्रत्येकी ५० किलो, म्हणजे १८,६०० किलो माल. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन ९,८०० आणि भरलेल्या गाडीची मर्यादा २८,५००. कागदावर १०० किलो शिल्लक होते. काट्यावर आकडा आला २९,९७०.

पहिली चूक इथेच झाली होती: गोण्यांच्या संख्येला वजन समजणं. कांद्याची गोणी हाताने भरतात आणि तोंड शिवताना दोन-चार कांदे वर चढतातच. ड्रायव्हरने काटेवाल्याच्या छोट्या तराजूवर पाच-सहा गोण्या ठेवून पाहिल्या, तर प्रत्येक ५३ किलोच्या आसपास. म्हणजे गोण्यांमध्येच ११ क्विंटलहून जास्त वाढ. वर भरलेली डिझेलची टाकी, ताडपत्री, दोर, क्लीनर आणि तो स्वतः. ५० किलोवर विश्वास ठेवण्याऐवजी भरतानाच दहा गोण्या तोलून सरासरी काढली असती, तर हे खळ्यावरच कळलं असतं.

आकडा जास्त दिसला की काट्यावर संशय घेणं साहजिक आहे, पण भांडायच्या आधी तपासा. गाडी चढण्यापूर्वी डिस्प्लेवर शून्य होतं का? सगळी चाकं पूर्ण प्लॅटफॉर्मवर आहेत का? गाडी बंद करून आकडा स्थिर झाल्यावरच पावती काढली का? या ड्रायव्हरने गाडी खाली घेऊन शून्य पाहिलं आणि पुन्हा चढवली. आकडा तोच. मग वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्यादा भार १,४७० किलो होता.

इथे बरेच जण पुढे निघतात. 'रात्रीच पास होऊन जाऊ' हा हिशेब चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक ज्यादा टनाला २,००० रुपये, आणि उतरवण्याचा खर्चही तुमच्याच माथी. ज्यादा माल उतरेपर्यंत गाडी हलवू देत नाहीत. सोलापूरजवळ पकडलं, तर अनोळखी गावात, भर उन्हात, कांदा कुणाच्या भरवशावर टाकणार? खळ्यापासून जवळच्या पहिल्याच काट्यावर थांबण्याचा फायदा हाच की उतरवलेला माल परत न्यायला व्यापाऱ्याची छोटी गाडी तासाभरात येते. मर्यादेच्या आत आहोत का, हे कळायची जागा खळ्याच्या जवळच हवी, नाक्याच्या जवळ नको.

आता सगळ्यात महाग चूक: कुठून उतरवायचं. सोपं म्हणून हमाल मागच्या फळक्यापासून गोण्या काढायला लागतात. पण मागच्या चाकांच्याही मागे असलेला भार पुढचा भाग थोडा उचलून धरत असतो. तोच काढला की मागचं वजन उतरतं आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचं वाढतं. एकूण आकडा बसला तरी पुढचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि स्टिअरिंग जड होतं. म्हणून ड्रायव्हरने पुढची चाकं प्लॅटफॉर्मच्या खाली नेऊन फक्त मागची जोडी तोलली: २२,५००. जोडअ‍ॅक्सलची मर्यादा २१,००० आहे. मग त्याने गोण्या मागच्या चाकांच्या बरोबर वरच्या थरातून काढल्या. काटा आणि दोन्ही बाजूंचा रस्ता एका पातळीत असेल तरच या मोजणीवर भरवसा ठेवा.

किती काढायच्या? १,४७० भागिले ५३, म्हणजे २८ गोण्या. पण २८ काढून काट्याच्या टोकावर निघू नका. दुसऱ्या काट्यावर थोडा फरक येतो आणि वाटेत पाऊस लागला तर ताडपत्री भिजते. त्याने ३२ काढल्या. पुन्हा तोलल्यावर एकूण २८,२७० आणि मागचा अ‍ॅक्सल २०,८२० भरला. त्यानंतर वरचा थर सपाट करून दोर नव्याने आवळला, कारण मधे पोकळी राहिली तर वळणावर थर सरकतो.

उतरवलेल्या गोण्या डांबरावर टाकू नका. सावलीत, फळ्यांवर, हवा खेळेल अशा ठेवा. एकमेकांवर दाबून ताडपत्रीखाली झाकलेला कांदा घामतो.

सगळ्यात आधी मात्र फोन. 'शेठ, ज्यादा भरलंय, ३२ गोणी उतरवतोय, गाडी पाठवा,' एवढं बोलणं माल हलवण्याआधी झालं पाहिजे. नंतर सांगितलं तर हैदराबादच्या घेणाऱ्याला ३२ गोण्या कमी दिसतात आणि बोट ड्रायव्हरकडे जातं. बिल्टीवर ३७२ खोडून ३४० लिहा, शेजारी कारण, वेळ आणि माल परत नेणाऱ्याची सही घ्या. वजनाच्या दोन्ही पावत्या, आधीची आणि नंतरची, बिल्टीलाच टाचून ठेवा. भाडं टनावर ठरलं असेल, तर ते आता नंतरच्या पावतीवर काढायचं, हेही त्याच फोनवर बोलून घ्या.