ग्रामपंचायतीस सूचना: मृगाआधी डोण नुसती ओतू नका, घासा

डोण, बॅरल ओतून ठेवलं तरी पाऊस लागताच त्यातच पुन्हा डास होतात. कारण डेंग्यूच्या डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेलगत ओलसर कडेला चिकटवते. तिळाहून बारीक, काळी अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि वळवाचं पाणी लागलं की फुटतात. पुढे डास उडायला साधारण 8-10 दिवस लागतात. म्हणून आतापासूनच आठवड्याचा एक वार ठरवून दवंडी द्यावी:

1. पाणी गटारीत नको, कोरड्या मातीवर ओता. अळ्या तिथंच मरतात.
2. आतली कड काथ्यानं खसाखसा घासा, विशेषतः पाण्याची रेघ उठलेली जागा.
3. दिवसभर उन्हात वाळवा.

उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. मात्र ते पंचगंगेत किंवा तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते त्रासाचे ठरतात.