तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, शेक झाला, पुढं काय? फॉलोअपमधल्या या चुका टाळा

माझ्या मामाच्या डाव्या गालात कॅन्सर निघाला होता. पंचवीस वर्ष तंबाखू-चुना, त्याच गालात. जूनमधी ऑपरेशन झालं, गालाचा भाग आणि त्याच बाजूच्या मानेतल्या गाठी काढल्या, मग दीड महिन्यानं शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला, तीस दिवसाचा, आठवड्यातून पाच दिवस. ऑगस्टच्या शेवटी शेक संपला आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ऑक्टोबर आणि डिसेंबरचा फॉलोअप झाला, दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले सगळं चांगलंय. मग फेब्रुवारीची तारीख आली तर शेतात ज्वारी काढायला आलेली, मामा म्हणले काही दुखत नाही, बिघडत नाही, कशाला उगं जाऊन पैसे घालायचे, पुढच्या वेळी जाऊ. आम्ही पण मान हलवली. पहिली चूक ती.

कारण असंय की तोंडाचा कॅन्सर परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षातच येतो. म्हणून तारखा सुरुवातीला जवळजवळ असतात. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्याला, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्याला, तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत चार ते आठ महिन्याला, त्याच्यापुढं वर्षातून एकदा. प्रत्येक हॉस्पिटलचं थोडं वेगळं असतं, आपल्या फाईलवर जे लिहिलंय ते धरायचं. पण पहिल्या दोन वर्षातली एक तारीख सोडली की मधी चार-पाच महिन्याचा खड्डा पडतो, आणि गाठ वाढायला तेवढा वेळ लई झाला.

मार्चमधी मामांचा डावा कान दुखायला लागला. गावातल्या डॉक्टरनं कानात टाकायचे थेंब दिले, मग गोळ्या दिल्या, तीन आठवडे तेच चाललं. डॉक्टरला दोष देत नाही, मामांनी त्यांना गालाच्या ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं, म्हणले कानाचा आणि त्याचा काय संबंध! संबंध आहे. जबडा, जीभ, घसा आणि कान यांच्या नसा एकमेकीत गुंतलेल्या असतात, तोंडात किंवा मानेत वरच्या बाजूला काही वाढत असलं तर कळ कानात येऊ शकते. ज्याच्या तोंडाचं ऑपरेशन झालंय त्याचा त्याच बाजूचा कान दुखतोय आणि कानात बघितलं तर काहीच नाही, तर थेंब टाकत बसायचं नाही, जिथं ऑपरेशन झालं तिथल्या ओपीडीत जायचं.

दुसरी खूण होती तोंड उघडण्याची. शेक झाल्यावर जबडा आखडतो हे आम्हाला सांगितलं होतं आणि व्यायाम पण शिकवले होते. मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या दाताच्या मधी घालून बघायची, तीन बोटं गेली तर ठीक. डिसेंबरात मामांची तीन बोटं जायची, मार्चमधी दोनच जायला लागली. आम्ही म्हणलं व्यायाम बंद केलाय म्हणून असंल. असं असू शकतं पण. शेकानं आखडणं हळूहळू वाढत राहतं, व्यायाम सोडला तर जास्तच, पण जे दोन-तीन महिने स्थिर होतं ते पंधरा-वीस दिवसात एकदम कमी झालं तर ते दाखवून घ्यायचंच, आपण घरी बसून ठरवायचं नाही कशानं झालं.

गाठ कोणाला सापडली माहितीय का? न्हाव्याला. दाढी करताना त्यानं डाव्या कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं आणि म्हणला, पाटील हे काय आहे इथं. बोराएवढी, टणक. मामांना स्वतःला कळलंच नव्हतं कारण मानेचं ऑपरेशन झालं की कानाच्या पाळीपासून खालची कातडी बधिर राहते, महिनोन्महिने, काहींना कायमची. हात लावला तरी लावल्यासारखं वाटत नाही आणि दुखत तर नाहीच. त्यामुळं "दुखलं तर सांगतो" हा हिशोब इथं चालतच नाही.

आता आम्ही महिन्यातून एकदा मामीला बघायला लावतो. मोबाईलचा टॉर्च लावून गालाची आतली बाजू, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखाली, पांढरा किंवा लाल चट्टा किंवा फोड दिसतोय का. मग हात धुऊन एक बोट आत आणि एक बाहेरून ठेवून गाल चाचपायचा, आणि मान जबड्याखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत, दोन्ही बाजूनं, कारण गाठ दुसऱ्या बाजूला पण येऊ शकते. तोंडातला फोड दोन-तीन आठवड्यात बरा झाला नाही तर थांबायचं नाही, तारखेची वाट पण बघायची नाही.

स्कॅनचं पण सांगतो कारण इथं लई गैरसमज आहेत. आमच्याच ओळखीच्या एका घरी शेक संपल्यावर महिन्याभरातच स्वतःच्या मनानं पेट स्कॅन काढला, रिपोर्टमधी जागा चमकलेली आली आणि सगळं घर रडायला लागलं. शेकाची सूज पण पेटमधी कॅन्सरसारखीच चमकते, म्हणून शेकानंतर निदान बारा आठवडे जाऊ द्यायचे, मगच पेट काढायचा, तो पण डॉक्टरनं सांगितला तर. काहीच त्रास नसताना दर सहा महिन्याला पेट काढून पैसे घालायची गरज नसते. पहिल्या सहा महिन्यात एक सीटी किंवा एमआरआय बहुतेक ठिकाणी काढून ठेवतात, त्याचं काम पुढं जुळवून बघायला असतं. ऑपरेशननंतर आतली रचनाच बदललेली असते, लावलेला मांसाचा तुकडा, व्रण, सूज, आणि नुसता नवा फोटो बघून ते व्रण आहे का गाठ हे सांगणं अवघड जातं. म्हणून सीडी जपायची. आम्ही नुसता रिपोर्टचा कागद घेऊन गेलतो, सीडी घरी कपाटात, परत परभणीला येऊन न्यावी लागली.

आणि स्कॅन चांगला आला म्हणून डॉक्टरला न दाखवताच परत यायचं नाही. या कॅन्सरमधी डॉक्टरचं बोट आणि डोळा लई कामाचा आहे, गालातला बारका चट्टा सीटीत दिसत पण नाही.

मामांचं पुढं असं झालं. सोनोग्राफीवर बघत बघत गाठीत सुई घालून पाणी तपासलं, कॅन्सरच निघाला. मग पेट काढला, पसरलंय का बघायला, छाती साफ होती, गालाची जागा पण साफ. गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली नव्हती म्हणून परत ऑपरेशन करता आलं. सर्जन म्हणाले अजून दोन महिने गेले असते तर कदाचित हात घालता आला नसता. ते वाक्य मामी अजून विसरली नाही.

दोन गोष्टी राहिल्या. शेक झालेल्या जबड्यातला दात कुठल्याही दवाखान्यात परस्पर काढून घ्यायचा नाही, आधी शेकाच्या डॉक्टरला विचारायचं. तिथलं हाड काही वेळा भरून येत नाही, उघडं पडतं, आणि मग ती जखम आहे का कॅन्सर परत आलाय हे कळायला पुन्हा तुकडा तपासावा लागतो. आणि मानेला शेक झाला असंल तर सहा ते बारा महिन्याला थायरॉईडची टीएसएच तपासणी, कारण थायरॉईड मंद पडलं की माणूस सुस्त होतो, थंडी वाजते, आणि घरचे समजतात कॅन्सरनंच खचलाय.

मामांच्या फाईलच्या मागच्या पानावर आता मामीनं पेन्सिलनं रेघा मारल्यात. तारीख, किती बोटं गेली, वजन किती, कान दुखला का, मानेत काही लागलं का. ओपीडीत डॉक्टर आधी तेच पान उलटतात. खाली पुढची तारीख लिहिलेली असते, आणि औंदा सोयाबीन काढणीच्या आठवड्यातच आलीय, तर मामांनी मजूर आधीच सांगून ठेवलेत.