चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या बॉडीला झिणझिण? टू-पिन अॅडॉप्टरवाल्यांनो, या चुका टाळा

लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, तळवा कडेवर टेकला की मुंग्या आल्यासारखं होतं, आणि बोट हलकेच फिरवलं तर गुळगुळीत मेटल अचानक खरखरीत, थरथरणारं लागतं. चार्जर काढला की सगळं गायब. माझ्या लॅपटॉपलाही असंच होतं, आणि त्यावर मी जे काही केलं त्यातल्या निम्म्या गोष्टी चुकीच्या होत्या, म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे "अरे स्टॅटिक असेल" म्हणून सोडून देणं. स्टॅटिक एकदाच चटका देतं आणि संपतं, हे मात्र चार्जर लावलेला असेपर्यंत चालूच राहतं. म्हणजे मेन्समधून सतत थोडा करंट येतोय. तो कुठून येतो ते एकदा कळलं की बाकीच्या चुका आपोआप लक्षात येतात, त्यामुळे आधी तेवढं बघू.

अॅडॉप्टरच्या आत मेन्सची बाजू आणि लॅपटॉपची बाजू वेगळी असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि तारेने थेट जोडणी कुठेच नसते. पण आतलं स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं, त्याचा नॉइज ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून पलीकडे उडी मारतो, आणि तो परत मूळ जागी जावा म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा कॅपॅसिटर मुद्दाम लावलेला असतो. बहुतेक वेळा निळी चकती, नाव वाय कॅपॅसिटर. नॉइजसाठी तो छान रस्ता आहे, पण ५० हर्ट्झचा मेन्सही त्याच रस्त्याने जरा जरा झिरपतो. २.२ नॅनोफॅरॅडचा असेल तर ५० हर्ट्झला तो साधारण १४.५ लाख ओहमसारखा वागतो. थ्री-पिन अॅडॉप्टरमध्ये हे झिरपणं अर्थच्या तारेने निघून जातं, टू-पिनमध्ये ती तारच नाही, मग लॅपटॉपची बॉडी हवेत लटकल्यासारखी राहते आणि जमिनीकडे जायला पहिला भेटलेला रस्ता म्हणजे तुम्ही.

म्हणूनच पायात जाड चप्पल असताना फारसं काही जाणवत नाही, आणि अनवाणी फरशीवर उभे राहिलात किंवा दुसरा हात भिंतीला टेकला की लगेच जाणवतं.

दुसरी चूक, जी मी केली: टेस्टर लावला, तो पेटला, आणि मी घाबरून चार्जर फेकायला निघालो. टेस्टरमधल्या निऑनला पेटायला अगदी किरकोळ करंट पुरतो, त्यामुळे इथे तो पेटणारच, त्यावरून धोका किती ते कळत नाही. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून लॅपटॉपच्या उघड्या स्क्रूपासून शेजारच्या अर्थ असलेल्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटपर्यंत मोजलं, ९८ व्होल्ट! तेही घाबरवणारं. पण मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे तो करंट जवळजवळ खेचतच नाही, फक्त लटकलेलं व्होल्टेज दाखवतो. आणि ते २३० ऐवजी निम्म्याच्या आसपास का, तर कॅपॅसिटर ज्या ठिकाणी जोडलेला असतो ती बाजू एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमुळे अर्ध्या सायकलमध्ये न्यूट्रलजवळ असते आणि अर्ध्या सायकलमध्ये लाइव्हच्या मागे खाली जाते.

खरी माहिती मिळाली ती त्याच दोन टोकांमध्ये १ लाख ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजल्यावर. ९८ चे झाले ७ व्होल्ट. ७ भागिले १ लाख, म्हणजे ७० मायक्रोअॅम्प. कागदावर २.२ नॅनोफॅरॅड आणि २३० च्या निम्मे व्होल्ट धरून येतात ८० च्या आसपास, म्हणजे हिशोब जुळला आणि चार्जर बिघडलेला नाही हे कळलं. आयईसी ६०९५०-१ या जुन्या सेफ्टी स्टँडर्डमध्ये अशा बॉडीला हात लावल्यावर वाहणाऱ्या करंटची मर्यादा २५० मायक्रोअॅम्प आहे, म्हणजे याच रेझिस्टरवर २५ व्होल्ट. रेझिस्टर लावूनही व्होल्टेज तेवढं किंवा त्याहून वर राहिलं, किंवा झिणझिणीऐवजी खरोखर झटका बसला, तर चार्जर त्याच दिवशी बाजूला ठेवा, भिंतीवरचा स्विच बंद केल्याशिवाय लॅपटॉपला हात लावू नका. आणि सॉकेटच्या भोकात प्रोब खुपसून मोजायला जाऊ नका, चुकीचं भोक सापडायला वेळ लागत नाही.

इथे मी पण एकदा फसलोय. तुलनेला घेतलेल्या कॅबिनेटला खरंच अर्थ पोचतंय का, हे बघितलं नव्हतं. अर्थ नसेल तर तेही तसंच लटकलेलं असतं, आणि दोन्ही लटकलेल्या गोष्टींमध्ये मीटर कमी व्होल्टेज दाखवतो, म्हणजे खोटं समाधान.

प्लग उलटा करून बघणं ही सगळ्यात लोकप्रिय युक्ती. टू-पिनमध्ये तिचा बहुतेक वेळा काहीच उपयोग होत नाही, कारण ब्रिजला लाइव्ह कुठल्या पिनवर आहे याने फरक पडत नाही. करून बघायला हरकत नाही, पण "कमी झालं" वाटलं तर आधी चप्पल बघा.

आता सगळ्यात वाईट चूक: अॅडॉप्टर उघडून तो निळा कॅपॅसिटर कापणं, किंवा त्याजागी हाताशी असलेला कुठलाही साधा लावणं. कापला तर झिणझिण बरीच कमी होते खरी, पण नॉइजला परतीचा रस्ता उरत नाही आणि तो लॅपटॉपच्या केबलवरून भटकतो. साधा लावला तर गोष्ट गंभीर आहे, कारण वाय कॅपॅसिटर हजारो व्होल्टचे झटके सहन करायला आणि फुटला तरी शॉर्ट न होता उघडा पडायला बनवलेला असतो. साधा कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर मेन्स थेट तुमच्या बॉडीवर.

मग करायचं काय? अॅडॉप्टरला वायर लावायचं सॉकेट बघा. दोन गोलांचं आठसारखं असेल तर तो टू-पिनच आहे, त्याला थ्री-पिन वायर लागणार नाही. तीन पानांचं असेल तर थ्री-पिन वायर लावा आणि भिंतीतलं अर्थ खरं आहे ना ते बघून घ्या. थ्री-पिनचा प्लग टू-पिन कन्व्हर्टरमध्ये खोचलात तर मात्र परिस्थिती आधीपेक्षा बिघडते, कारण थ्री-पिन अॅडॉप्टरमध्ये मेन्सच्या दोन्ही तारांकडून अर्थकडे जाणारे कॅपॅसिटर असतात, सहसा टू-पिनवाल्यापेक्षा मोठे, आणि त्यांचा करंट आता बॉडीवर येतो.

माझा अॅडॉप्टर आठवाला, त्यामुळे मी थ्री-पिन मॉनिटर एचडीएमआयने जोडून ठेवला. केबलच्या शील्डमधून बॉडीला मॉनिटरचं अर्थ मिळतं, १ लाखाच्या रेझिस्टरवर ७ व्होल्टचे जवळजवळ शून्य झाले. फक्त ही केबल चार्जर चालू असताना जोडू नका, लटकलेलं व्होल्टेज पहिल्याच स्पर्शात पोर्टमधून जमिनीकडे धावतं, आणि अंधारात ती छोटी ठिणगी मी स्वतः बघितलीये. आधी चार्जर काढायचा, केबल लावायची, मग चार्जर.