५ व्होल्ट एआरजीबी आणि १२ व्होल्ट आरजीबी : पंख्याची वायर योग्य हेडरला कशी जोडावी

कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांचे पंखे बसवताना सर्वाधिक नुकसान होते ते वायर जोडण्याच्या शेवटच्या मिनिटात. मदरबोर्डाच्या कडेला दिव्यांसाठी दोन प्रकारचे हेडर असतात. दोन्हींच्या पिना सारख्याच जाडीच्या आणि सारख्याच अंतरावर असतात, शिवाय बहुतेक बोर्डांवर त्यांच्याभोवती प्लग अडवणारी प्लॅस्टिकची भिंत नसते. त्यामुळे चुकीचा प्लग आपोआप अडेलच, या भरवशावर राहता येत नाही.

दोन्ही हेडरांचे काम मुळात वेगळे आहे. चार पिनांच्या आरजीबी हेडरवर पहिली पिन १२ व्होल्टची असते आणि उरलेल्या तीन अनुक्रमे हिरव्या, लाल आणि निळ्या रंगाच्या असतात. या हेडरवर ग्राउंडची स्वतंत्र पिन नसते, आणि पुढचे सगळे समजण्यासाठी एवढी एकच गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बोर्ड ज्या रंगाची पिन आतून ग्राउंडला जोडतो, त्या रंगाचे सर्व दिवे एकदम लागतात, म्हणून अशी पूर्ण पट्टी एका वेळी एकच रंग दाखवू शकते. एआरजीबी हेडरवर चार जागांपैकी तिसरी रिकामी असते. पहिली पिन ५ व्होल्टची, दुसरी डेटाची आणि शेवटची ग्राउंडची असते. येथे प्रत्येक दिव्यात एक छोटी चिप असते. ती आलेल्या डेटामधून स्वतःच्या रंगाचे २४ बिट उचलते आणि उरलेले पुढच्या दिव्याकडे पाठवते, त्यामुळे प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो.

जोडणीला सुरुवात करताना संगणक बंद करून एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करावे आणि मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. संगणक नुसता बंद केला तरी स्टँडबायचा ५ व्होल्ट पुरवठा चालूच असतो आणि काही बोर्ड त्याच पुरवठ्यावर दिवे लावून ठेवतात, म्हणून ही पायरी गाळू नये.

यानंतर आधी पंख्याकडे पाहावे, बोर्डाकडे नंतर. पंख्याला बहुधा दोन वायरी असतात. एक मोटारीची, जी पंख्याच्या हेडरला जाते, आणि दुसरी दिव्यांची. दिव्यांच्या प्लगमध्ये तीन छिद्रे आणि मध्ये एक बुजलेली जागा असेल, तर तो ५ व्होल्टचा एआरजीबी प्लग समजावा. चार छिद्रे सलग असतील, तर तो बहुधा १२ व्होल्टचा आरजीबी असतो. मात्र एक्स्टेन्शन आणि स्प्लिटर वायरींवर हा नियम डोळे झाकून लावू नये, कारण अशा वायरीचे तिसरे छिद्र उघडे असू शकते. पंख्याच्या मागचे लेबल किंवा खोक्यावरचा व्होल्टेजचा आकडा वाचूनच खात्री करावी.

मग बोर्डावरचे छापील नाव वाचावे. एमएसआयच्या बोर्डांवर १२ व्होल्टच्या हेडरला JRGB आणि ५ व्होल्टच्या हेडरला JRAINBOW असे नाव असते. असुसच्या बोर्डांवर ती नावे RGB_HEADER आणि ADD_HEADER किंवा ADD_GEN2 अशी आढळतात, तर एएसरॉकच्या बोर्डांवर RGB_LED आणि ADDR_LED अशी. गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर D_LED या हेडरशेजारी ५ किंवा १२ व्होल्ट निवडण्याचा जंपर असतो, म्हणून तेथे केवळ नाव वाचून भागत नाही, जंपरची जागाही पाहावी लागते. शंका उरलीच तर काहीही न जोडता संगणक सुरू करून मल्टिमीटरने मोजावे. काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला आणि लाल प्रोब पहिल्या पिनेला लावला की ५ किंवा १२ हा आकडा सरळ दिसतो. प्रोब घसरून शेजारच्या पिनेला टेकणार नाही, याची काळजी घ्यावी.

आता एक नेहमी घडणारे उदाहरण घेऊ. बोर्ड थोडा जुना आहे, त्यावर फक्त चार पिनांचा १२ व्होल्टचा हेडर आहे आणि हाती एआरजीबीचे तीन पंखे आहेत. प्लग बसत नाही, म्हणून तिसरी पिन वाकवली जाते किंवा तीन पिनांतून चार पिना करणारी साधी जोडवायर आणली जाते. ही वायर फक्त प्लगचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. परिणामी पंख्याच्या ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट येतात आणि त्याची ग्राउंडची तार बोर्डाच्या निळ्या पिनेला जोडली जाते. बोर्डाने नुसता लाल रंग लावला असेल, तर निळी पिन ग्राउंडला जोडलेली नसते आणि दिवे अंधारेच राहतात, म्हणून सारे सुरक्षित आहे असा भास होतो. ज्या क्षणी निळा, जांभळा किंवा पांढरा रंग निवडला जातो, त्या क्षणी मंडल पूर्ण होते आणि सुमारे ५ व्होल्टसाठी बनवलेल्या चिपांवर १२ व्होल्ट पडतात. त्या क्षणार्धात जळतात. मात्र पंखा फिरतच राहतो, कारण मोटारीची वायर वेगळी असते.

उलट चूक बहुधा कमी महाग पडते. १२ व्होल्टची पट्टी ५ व्होल्टच्या हेडरवर सहज बसते, पण अशा पट्टीत सहसा तीन-तीन दिवे एकापाठोपाठ जोडलेले असतात. निळ्या दिव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना मिळून ९. ते न मिळाल्याने पट्टी लागतच नाही. तरीही ती तशीच राहू देऊ नये, कारण तिची हिरवी तार डेटाच्या पिनेला टेकलेली असते.

वरील उदाहरणात योग्य मार्ग एकच आहे : एसएमपीएसच्या साटा वायरीवर चालणारा स्वतंत्र एआरजीबी कंट्रोलर घ्यावा आणि तिन्ही पंखे त्याला जोडावेत. बोर्डावर ५ व्होल्टचा हेडर असेल तर त्याची क्षमता माहितीपुस्तिकेत पाहावी. ती बहुतेक वेळा ३ अँपिअर असते. प्रत्येक पंख्यात १२ दिवे आणि पूर्ण पांढऱ्या प्रकाशात दिव्याला जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर धरले, तर ३६ दिव्यांना सुमारे २.२ अँपिअर लागतात, म्हणजे तिन्ही पंखे एका हेडरवर चालतात. त्यांत ३० दिव्यांची पट्टी वाढवली की ही मर्यादा ओलांडली जाते. प्लग बसवताना त्यावरचा बाण पहिल्या पिनेकडेच असावा.

चूक होऊन गेली असल्यास जळलेला पंखा चांगल्या ५ व्होल्टच्या हेडरवर लावून पाहू नये. चिप जळताना आतून शॉर्ट झालेली असू शकते आणि मग त्या हेडरवरही संकट येते. आधी पंख्याच्या प्लगमध्ये ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातील रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल तर ते दिवे टाकून द्यावेत. बोर्डाचा हेडर तपासण्यासाठी १२ व्होल्टची चांगली पट्टी लावून तिन्ही रंग एकेक करून निवडावेत. निळा अजिबात लागत नसेल किंवा बंद करूनही लागलेलाच राहत असेल, तर निळा रंग चालू-बंद करणारा बोर्डावरचा मॉस्फेट गेला आहे. अशा वेळी तो हेडर वापरणे थांबवावे. बोर्डाचे बाकीचे काम बहुधा नीट चालू राहते.